क्लायंटला ‘उशीर होतोय’ हे मेलमध्ये कसं सांगायचं? नव्या तारखा कशा काढायच्या? माझा एक फसलेला आणि एक जमलेला मेल

मी देवळाली प्रवरात राहतो आणि घरूनच लोकांना छोटी ॲप्स आणि वेबसाइट बनवून देतो. (नाशिकजवळची देवळाली वेगळी. आमची राहुरी तालुक्यातली, राहुरी फॅक्टरीच्या बाजूची.) तुमच्यापैकी बरेच जण आता मोबाइलवरच लोगो, रील एडिटिंग, वेबसाइट अशी कामं घेताय. आज ना उद्या तुमचंही एखादं काम ठरल्या तारखेला होणार नाही, आणि तेव्हा क्लायंटला मेल लिहावा लागेल. असा मेल कसा लिहायचा हे मी एकदा चुकून आणि मग सुधारून शिकलो. दोन्ही मेल खाली जसेच्या तसे देतोय.

## काम काय होतं आणि अडकलं कुठे

2025 च्या पावसाळ्यात मला जवळच्याच एका शेतीसाहित्याच्या दुकानाचं काम मिळालं. ठिबकचं साहित्य, बियाणं, औषधं यातलं दुकानात आज काय शिल्लक आहे ते शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावं आणि ठिबकचे सुटे भाग घरबसल्या बुक करता यावेत, असं साधं अँड्रॉइड ॲप. शेठना ते दसऱ्याला, म्हणजे गुरुवारी 2 ऑक्टोबरला सुरू करायचं होतं. दसऱ्यानंतर रब्बीची खरेदी चालू होते, त्यामुळे तारीख हौसेची नव्हती, धंद्याची होती. मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो.

12 सप्टेंबरला, शुक्रवारी रात्री, ॲप जवळपास तयार झालं आणि मी ते प्ले स्टोअरवर टाकायला बसलो. तिथे माझे डोळे उघडले. गूगलचा नियम असा आहे की 13 नोव्हेंबर 2023 नंतर स्वतःच्या नावाने, म्हणजे वैयक्तिक प्रकारचं डेव्हलपर खातं उघडलं असेल, तर ॲप थेट सगळ्यांसाठी सोडता येत नाही. आधी ते निवडक लोकांना वापरायला द्यायचं. याला क्लोज्ड टेस्टिंग म्हणतात. किमान 12 माणसं सलग 14 दिवस त्या टेस्टमध्ये सामील असावी लागतात. (सुरुवातीला हा आकडा 20 होता, डिसेंबर 2024 मध्ये तो 12 झाला.) 14 दिवस भरले की गूगलकडे परवानगीचा अर्ज करायचा. त्याचं उत्तर साधारण 7 दिवसांत येतं, कधी जास्तही लागतात. त्यानंतर ॲप सगळ्यांसाठी पाठवलं की त्याची पुन्हा तपासणी होते, आणि तिलाही 7 दिवसांपर्यंत लागू शकतात.

माझं खातं जुलै 2025 चं. म्हणजे नियम मला लागू. दसरा 20 दिवसांवर, आणि माझ्याकडे एकही टेस्टर नाही. नियम कुठे लपवलेला नव्हता. तारीख देण्याआधी मी तो वाचला नव्हता, एवढंच.

## माझा पहिला मेल

रात्रभर झोप नाही. शनिवारी सकाळी मी शेठना हा मेल पाठवला:

> विषय: ॲपबाबत
>
> नमस्कार शेठ,
> काही तांत्रिक अडचणींमुळे ॲपला थोडा उशीर होत आहे. काम अंतिम टप्प्यात आहे. लवकरात लवकर पूर्ण करून देतो. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

पाठवल्यावर मला हलकं वाटलं. सांगून टाकलं ना! रविवारी सकाळी शेठचा फोन आला.

“भाऊ, थोडा म्हणजे किती? मला पत्रकं उद्या प्रेसला द्यायचीत. पाच हजार. त्यावर ‘दसऱ्यापासून ॲप सुरू’ छापायचं का नाय छापायचं, तेवढं सांग.”

मला उत्तर देता आलं नाही. शेठ चिडले नव्हते, त्यांनी फक्त एक साधा प्रश्न विचारला होता, आणि माझ्या चार ओळींच्या मेलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. ‘थोडा उशीर’ वाचून त्यांना वाटलं असतं दोन दिवस. पत्रकं छापली गेली असती, गावोगाव वाटली गेली असती, आणि दसऱ्याला शेतकऱ्यांनी कोड स्कॅन केल्यावर समोर काहीच आलं नसतं.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. उशिराचा मेल वाचणारा माणूस तुमची माफी शोधत नसतो. तुमच्या तारखेवर त्याने स्वतःचं काहीतरी बांधून ठेवलेलं असतं. ते आता सोडायचं, पुढे ढकलायचं की तसंच ठेवायचं, हे त्याला ठरवायचं असतं. मेलमधून ते ठरवता आलं नाही, तर तो मेल न पाठवल्यासारखाच.

मी शेठना म्हणालो, “पत्रकं उद्या संध्याकाळपर्यंत थांबवा. सकाळी तुम्हाला पक्क्या तारखा मेल करतो.”

## आधी तारखा काढा, मग मेल लिहा

आपण गडबडीत उलटं करतो. आधी माफीची वाक्यं लिहितो आणि शेवटी मनाला येईल ती तारीख टाकतो. ‘आठवडाभर पुढे’ असं म्हणणं सोपं असतं. मी रविवारी दुपारी मोबाइलवर गूगल शीट्स उघडलं आणि कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे ते एकाखाली एक लिहिलं:

टेस्ट सुरू होणार → 14 दिवस भरणार → अर्जाचं उत्तर येणार → दुसऱ्या दिवशी मी ॲप पाठवणार → तपासणी होऊन ॲप सगळ्यांना दिसणार.

प्रत्येक तारीख हाताने लिहिण्याऐवजी मी ती वरच्या तारखेला जोडली:

```
B2   2025-09-20
B3   =B2+14
B4   =B3+7
B5   =B4+1
B6   =B5+7
```

B2 म्हणजे टेस्ट सुरू होण्याचा दिवस. सोमवार-मंगळवारी शेठकडून टेस्टरची नावं यायला हवीत. बुधवारी 17 सप्टेंबरला मी टेस्टची आवृत्ती अपलोड करणार. तिच्याही तपासणीला तीन दिवस धरले, म्हणजे शनिवार 20 सप्टेंबर. मग खालच्या तारखा आपोआप आल्या: 4 ऑक्टोबर, 11 ऑक्टोबर, 12 ऑक्टोबर आणि शेवटी 19 ऑक्टोबर. (शीटमध्ये तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका. त्या रकान्याचं फॉरमॅट ‘तारीख’ करा.)

अशा जोडणीचा फायदा असा की वरची एक तारीख बदलली की खालच्या सगळ्या बदलतात. माझ्या बाबतीत तेच झालं, ते पुढे सांगतो.

आता 19 ऑक्टोबर आला म्हणून तीच तारीख शेठना द्यायची का? नाही. या साखळीत माझ्या हातात असलेलं काम जेमतेम दोन-तीन दिवसांचं आहे. बाकी दिवस गूगलचे आणि टेस्टरचे. दुसऱ्याच्या हातातल्या दिवसांवर मोकळी जागा ठेवायलाच हवी. 19 नंतर तीनच दिवसांनी, बुधवारी 22 ऑक्टोबरला दिवाळी पाडवा होता. पाडव्याला वहीपूजन, दुकानदाराचं नवं वर्ष. शेठना हा मुहूर्त पटण्यासारखा होता आणि मला तीन दिवस जास्तीचे मिळत होते. ती तारीख पक्की केली.

अजून एक प्रश्न उरला. दसऱ्याला शेठच्या हातात काहीच द्यायचं नाही का? तर टेस्टमधल्या माणसांना ॲप मिळतं ते प्ले स्टोअरच्या लिंकवरूनच, आणि ते पूर्ण चालतं. मग टेस्टर म्हणून दुकानातली माणसं आणि नेहमीचे काही शेतकरीच घेतले तर? दसऱ्याला त्यांच्या मोबाइलवर ॲप सुरू असेल आणि पहिलं बुकिंग त्याच दिवशी होऊ शकेल. सगळ्यांना नाही, पण काहींना नक्की.

## दुसरा मेल

रविवारी संध्याकाळी मी आधी शेठना फोन केला आणि दोन वाक्यांत सांगितलं: दसऱ्याला सगळ्यांसाठी होणार नाही, पाडव्याला होईल, सविस्तर मेल करतोय. वाईट बातमी माणसाला आधी आवाजातून कळावी, असं मला वाटतं. पण फोनवरच्या तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मेल लागतोच. रात्री लिहून ठेवला आणि जीमेल ॲपमध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबून `Schedule send` ने सोमवारी सकाळी आठची वेळ लावली. सकाळी उठून एकदा ताज्या डोळ्यांनी वाचता आला.

> विषय: ॲप दसऱ्याऐवजी दिवाळी पाडव्याला (22 ऑक्टोबर) – नव्या तारखा, पत्रकं आज छापू नयेत
>
> नमस्कार शेठ,
>
> आपलं ॲप ठरल्याप्रमाणे 2 ऑक्टोबरला सगळ्या शेतकऱ्यांसाठी प्ले स्टोअरवर येणार नाही. नवी तारीख दिवाळी पाडवा, बुधवार 22 ऑक्टोबर ही आहे. दसऱ्याला ते 16 निवडक लोकांच्या मोबाइलवर सुरू असेल.
>
> कारण: नव्या डेव्हलपर खात्यावरचं ॲप सगळ्यांसाठी सोडण्याआधी किमान 12 लोकांनी सलग 14 दिवस टेस्ट करावं, असा गूगलचा नियम आहे. त्यानंतर गूगलच्या दोन तपासण्या होतात. तारीख देण्याआधी मी हा नियम बघायला हवा होता. तो बघितला नाही, ही माझी चूक.
>
> आज काय तयार आहे: साठ्याची यादी, शोध आणि बुकिंग हे तिन्ही भाग चालतात. नवीन काही बनवायचं बाकी नाही.
>
> नव्या तारखा:
> 1. शनिवार 20 सप्टेंबर: 16 लोकांना प्ले स्टोअरची टेस्ट लिंक मिळेल.
> 2. गुरुवार 2 ऑक्टोबर (दसरा): त्यांच्या मोबाइलवरून दुकानात पहिलं खरं बुकिंग.
> 3. शनिवार 4 ऑक्टोबर: 14 दिवस पूर्ण, त्याच दिवशी गूगलकडे अर्ज. उत्तर 11 ऑक्टोबरपर्यंत अपेक्षित.
> 4. बुधवार 22 ऑक्टोबर (पाडवा): प्ले स्टोअरवर कुणालाही नाव शोधून ॲप मिळेल. माझ्या हिशोबाने ते 19 ला येईल, 3 दिवस जास्तीचे ठेवले आहेत.
>
> तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात:
> – मंगळवार 16 सप्टेंबर संध्याकाळपर्यंत 16 लोकांचे जीमेल पत्ते. दुकानातले 6 आणि नेहमीचे 10 शेतकरी चालतील. सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन हवा.
> – पत्रकावर तारीख टाकू नये. क्यूआर कोड मी आज दुपारी नवीन देतो. तो थेट प्ले स्टोअरवर न जाता आपल्या दुकानाच्या वेब पानावर जाईल. ॲप येईपर्यंत त्या पानावर आजचा साठा दिसेल, ॲप आलं की तिथेच डाउनलोडचं बटण येईल. त्यामुळे पत्रकं कधीही वाटली तरी वाया जाणार नाहीत.
>
> काय बिघडू शकतं: 14 दिवसांनंतर गूगल ‘अजून टेस्ट करा’ असं सांगू शकतं. तसं झालं तर पाडवाही चुकेल. ते ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी मी तुम्हाला फोन करीन, आणि तोपर्यंत वेब पान चालू राहील.
>
> पैशांचं: उरलेला हप्ता दसऱ्याला द्यायचा ठरला होता. तो आता ॲप सगळ्यांना दिसू लागल्यावरच द्यावा.
>
> हे चालणार असेल तर या मेलला ‘चालेल’ एवढंच उत्तर द्या. प्रत्येक तारखेला त्या दिवशीचं काम झालं की नाही, ते मी याच मेलखाली कळवीन.

दुपारी उत्तर आलं: “चालेल. पत्रकावर तारीख टाकत नाही. क्यूआर पाठव.”

## यात नेमकं काय वेगळं आहे

विषयाची ओळ. बहुतेक लोक मोबाइलच्या पडद्यावर मेलची पहिली दोन ओळच बघतात. शेठनी मेल उघडला नसता, तरी नवी तारीख आणि ‘पत्रकं छापू नयेत’ हे त्यांना नोटिफिकेशनमध्येच कळलं असतं. ‘ॲपबाबत’ या शब्दातून त्यांना काहीच कळलं नव्हतं.

कारण किती सांगायचं. तीन-चार वाक्यं पुरे. त्यातून वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: हे पुन्हा होणार का, आणि दिवस एवढेच का लागणार. ‘तांत्रिक अडचण’ यातून दोन्ही कळत नाहीत. ‘सलग 14 दिवसांचा नियम आहे’ म्हटलं की दिवस कमी का करता येत नाहीत ते शेठना न विचारता समजलं. चूक माझी होती, तर तेही एका वाक्यात लिहिलं आणि पुढे गेलो. तीन वेळा माफी मागितली की वाचणाऱ्याला उलट तुम्हालाच धीर द्यावा लागतो.

टप्पा कसा ओळखायचा. वेळापत्रकातल्या मधल्या टप्प्यांना आपण माइलस्टोन म्हणतो, म्हणजे मैलाचा दगड. मैलाचा दगड रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसतो. तुमचा टप्पाही क्लायंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. ‘80 टक्के काम पूर्ण’ हा टप्पा नाही, कारण ते टक्के फक्त मलाच दिसतात. ‘16 लोकांना लिंक मिळेल’ हा टप्पा आहे. शेठ दुकानातल्या पोराला विचारू शकतात, “आली का रे लिंक?” आली असेल तर टप्पा झाला, नसेल तर मी चुकलो. माझ्या शीटमध्ये तारखा जास्त होत्या, पण ज्या शेठना तपासता येणार नाहीत त्या मी मेलमध्ये टाकल्या नाहीत.

माझ्या तारखा आणि दुसऱ्याच्या तारखा. 4 ऑक्टोबरला ‘त्याच दिवशी गूगलकडे अर्ज’ असं लिहिलं, कारण ते माझ्या हातात आहे. उत्तर 11 पर्यंत ‘अपेक्षित’ असं लिहिलं, कारण ते गूगलच्या हातात आहे. दुसऱ्याच्या कामाची आपण हमी दिली की त्याचा उशीरही आपल्याच नावावर जातो. ‘काय बिघडू शकतं’ हा भाग लिहिताना हात थरथरला होता, खोटं नाही सांगत. पण तो लिहिल्यामुळे पुढे तसं घडलं असतं, तर शेठना तो धक्का वाटला नसता.

‘चालेल’ हे उत्तर मागणं. नवी तारीख तुम्ही एकट्याने ठरवून चालत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 63 नुसार ज्याला काम करून मिळायचं आहे, तो मुदत वाढवून देऊ शकतो. म्हणजे मुदत वाढवणं त्याच्या हातात आहे, तुम्ही फक्त विचारता. आमचा कागदावर करार वगैरे नव्हता, आम्ही मेलवरच बोललो होतो. म्हणून त्याच मेलमध्ये एका शब्दाची मान्यता असणं दोघांच्या सोयीचं. नंतर ‘मी कधी हो म्हणालो?’ असा वाद राहत नाही.

एक गोष्ट मोबाइलवाल्यांसाठी. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये तक्ता काढता येत नाही, आणि कॉम्प्युटरवर काढून पाठवला तर छोट्या पडद्यावर तो कापला जातो किंवा इकडे-तिकडे सरकवत वाचावा लागतो. म्हणून वर तारखा आकडे टाकून एकाखाली एक लिहिल्यात. प्रत्येक तारखेबरोबर वारही लिहा. वार लिहिला की तुमचीच तारीख चुकली असेल तर ती लगेच लक्षात येते. नुसतं ‘पुढच्या शनिवारी’ लिहू नका. एकाचा पुढचा शनिवार दुसऱ्यासाठी त्यापुढचा असतो.

मेल पाठवल्यावर मी व्हॉट्सॲपवर एकच ओळ टाकली: “शेठ, मेल केलाय, पत्रकांचं त्यात आहे.” पूर्ण वेळापत्रक व्हॉट्सॲपवर टाकलं नाही. दोन दिवसांत ते शुभेच्छांच्या फोटोंखाली गडप झालं असतं.

## नवी तारीखही हलली तेव्हा

खरी परीक्षा नंतर होती. टेस्टच्या आवृत्तीच्या तपासणीला मी तीन दिवस धरले होते, लागले चार. टेस्ट शनिवारऐवजी रविवारी, 21 सप्टेंबरला सुरू झाली. एका दिवसाचं काय सांगायचं, असं मनात आलं होतं. पण पहिल्याच टप्प्याला गप्प बसलो असतो, तर पुढच्या तीन टप्प्यांवर शेठनी विश्वास का ठेवावा? शीटमध्ये B2 बदललं, शेवटची तारीख 20 ऑक्टोबर आली, आणि त्याच मेलखाली हे लिहिलं:

> पहिला टप्पा 1 दिवस उशिरा, आज 21 ला पूर्ण. 16 पैकी 16 जणांना लिंक मिळाली. अर्ज आता 4 ऐवजी 5 ऑक्टोबरला. पाडव्याची तारीख बदलत नाही, जास्तीच्या 3 दिवसांपैकी 1 वापरला, 2 शिल्लक.

चार वाक्यं. काय झालं, पुढे काय सरकलं, काय सरकलं नाही, आणि शिल्लक किती. दुसऱ्या मेलमध्ये जास्तीचे तीन दिवस उघड सांगितले होते, त्याचा इथे उपयोग झाला. बँकेच्या पासबुकासारखं, त्यातून किती खर्च झाले ते दोघांनाही दिसत होतं.

दुसरी गडबड नवरात्रात झाली. दोन शेतकऱ्यांनी चुकून टेस्टमधून बाहेर पडायचं बटण दाबलं. 16 चे 14 राहिले. नियम 12 चा, म्हणून निभावलं. मोजून 12 च घेतले असते, तर 10 उरले असते. मग नवे दोघे आणून त्यांचे 14 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले असते आणि पाडवा गेला असता. तुम्ही अशी टेस्ट करणार असाल तर चार माणसं जास्तीची घ्याच. त्यांनी अधूनमधून ॲप खरंच वापरावं हेही बघा, कारण अर्जात गूगल टेस्टरनी काय केलं, काय सांगितलं आणि तुम्ही त्यावरून काय बदललंत ते विचारतं.

दसऱ्याला सकाळी दुकानात पूजा झाली आणि एका शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून लॅटरलच्या जोडण्या बुक केल्या. मी त्याचा स्क्रीनशॉट मेलखाली टाकला: ‘दुसरा टप्पा पूर्ण.’ 5 तारखेला अर्ज केला, परवानगी 11 ला आली, 12 ला ॲप पाठवलं आणि 16 ऑक्टोबरला, गुरुवारी, ते प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसू लागलं. वेब पानावर डाउनलोडचं बटण लावलं. तोपर्यंत अर्धी पत्रकं वाटून झाली होती आणि त्यांच्यावरचा कोड तोच होता.

पाडव्याच्या संध्याकाळी शेठनी उरलेला हप्ता पाठवला. सोबत पुढच्या कामाचं विचारलं, आणि खाली एक ओळ: “यावेळी तारीख देण्याआधी गूगलला विचारून घे.”

नवीन कामाची तारीख मी त्यांना दोन दिवसांनी दिली. आधी शीट उघडलं.